सकाळी कोपऱ्यात पिल्लांचा ढीग, ओलं तूस आणि डोळे झोंबणारा वास: प्रत्येक बॅचला हेच होत असेल तर

दिवसा पिल्लं एकदम झकास असतात, पळतायत, खातायत, पाणी पितायत, आणि सकाळी शेड उघडली की एका बाजूला ढीग, ढिगाखाली चार-पाच चपटी होऊन मेलेली, तूस ओलसर आणि आत शिरल्या शिरल्या डोळ्यात झोंबणारा वास. साधारण चौथ्या-पाचव्या दिवसापासून दहाव्या-बाराव्या दिवसापर्यंत हे चालतं, मग आपोआप कमी होतं, आणि पुढच्या बॅचला परत तेच. नव्याने कोंबडीपालन सुरू केलेल्यांकडून ही तक्रार फार ऐकायला मिळते आणि त्यावर दोनच उत्तरं ठरलेली असतात, एक तर हॅचरीने कमजोर पिल्लं दिली किंवा थंडी लागली. मग पडदे अजून आवळून बांधायचे, फटीत गोणपाट कोंबायचं, आणि दुसऱ्या दिवशी मरतुक वाढलेली बघायची.

थंडी लागली हे खरं आहे. पण ती बऱ्याचदा खाली पसरलेल्या तुसाच्या ओल्या गादीतून वर येते, आणि गादी ओली होते कारण रात्रभर शेड डबाबंद असते. म्हणजे थंडीवर म्हणून जो इलाज करतोय तोच थंडी तयार करतोय. हे कसं ओळखायचं आणि त्याच रात्री काय करायचं ते सविस्तर लिहितो, बाकी ब्रूडिंगचं, म्हणजे लहान पिल्लांना ऊब देऊन वाढवण्याचं, सगळं पुराण इथे काढत नाही.

आधी हा तोच प्रॉब्लेम आहे का ते बघा. मेलेली पिल्लं उचलून लगेच फेकू नका, कुठे पडली होती आणि कशी दिसतात ते नीट बघा. दबून मेलेलं पिल्लू चपटं असतं, पिसं ओली आणि चिकटलेली असतात, ते भिंतीला किंवा चिक गार्डला, म्हणजे पिल्लांभोवती लावलेल्या बुटक्या कुंपणाला, लागून इतरांसोबत एकाच जागी सापडतं, आणि त्याच्या पोटात बऱ्याचदा खाद्य असतं, म्हणजे संध्याकाळपर्यंत ते व्यवस्थित खात होतं. या उलट पिल्लं शेडभर एकेक विखरून मेली असतील, पोट फुगलेलं आणि बेंबी काळी, ओली, वास मारणारी असेल तर ते बेंबीचं इन्फेक्शन, ते पहिल्या आठवड्यातच दिसतं आणि त्याचं मूळ हॅचरीत किंवा वाहतुकीत असू शकतं. मान लांब करून आ वासून श्वास घेतायत पण घरघर ऐकू येत नाही, असं असेल तर बुरशी लागलेल्या तुसामुळे फुफ्फुसं धरली असण्याची शंका घ्यायची. आणि तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात रक्त पडायला लागलं तर रक्ती हगवण. या सगळ्यात पडद्यांशी खेळत बसू नका, दोन ताजी मेलेली पिल्लं घेऊन सरळ पशुवैद्यकाकडे जा. खालचं सगळं फक्त ढीग, ओल आणि वास हे तिन्ही एकत्र असतील त्यांच्यासाठी आहे.

आता एक काम करा जे बहुतेक जण करत नाहीत, पहाटे तीन-चारला शेडमध्ये जा. सकाळी सात वाजता जाऊन काही कळत नाही कारण तोवर ऊन आलेलं असतं आणि दार उघडल्या उघडल्या अर्धा वास निघून जातो. पहाटे गेलात की दार मागे लावून घ्या आणि पिल्लांमध्ये उकिडवे बसा, तोंड त्यांच्या उंचीला आणा, निदान दोन मिनिटं. उभ्या माणसाच्या नाकाशी जी हवा असते ती वेगळी आणि जमिनीपासून चार बोटांवरची वेगळी, अमोनिया तिथेच गादीतून निघत असतो. डोळे चुरचुरले तर समजा पिल्लं हे रात्रभर सोसतायत. आणखी एक, शेडमध्ये रोज राबणाऱ्याचं नाक मरतं, त्याला वास येतच नाही, म्हणून घरातल्या दुसऱ्या कुणालातरी आत बोलवून विचारा. अमोनिया 10 पीपीएमच्या खाली ठेवावा असं सांगतात आणि 25 च्या वर गेला की डोळे आणि श्वासनलिकेचं नुकसान होतं, पण साधारणपणे आपल्या नाकाला स्पष्ट वास येतो तोपर्यंत तो 20 च्या आसपास पोचलेला असतो, म्हणजे “थोडासाच वास आहे” याचा अर्थ उशीर झालाय.

तिथे असतानाच मान वर करून पत्र्याकडे बॅटरी मारा. पत्र्याच्या किंवा पडद्याच्या आतल्या बाजूला दवासारखे थेंब लटकतायत का? लटकत असतील तर दुसरी कुठलीही तपासणी नाही केली तरी चालेल, हवेत मावेल त्यापेक्षा जास्त वाफ आत कोंडली आहे.

ही वाफ येते कुठून याचा हिशोब एका खऱ्या शेडवरच मांडतो. ओळखीतल्या एकाची पहिलीच बॅच, 300 ब्रॉयलर पिल्लं, 15 बाय 20 फुटांची शेड, उंची सरासरी 9 फूट, खाली फूटभर भिंत, वर जाळी, पत्र्याचं छप्पर, दोन्ही लांब बाजूंना प्लास्टिकचे पडदे आणि मधोमध एक गॅस ब्रूडर. संध्याकाळी सातला पडदे टाकायचा, सकाळी सातला उघडायचा. पिल्लं आठ दिवसांची होती आणि त्या सकाळी सात मेलेली निघाली, सगळी एकाच भिंतीच्या कडेला. मला फोन केला तेव्हा तो पक्का होता की थंडीच, कारण “दादा, पडद्याला एक भोक राहिलंय तिथून वारा येतो बहुतेक.”

आठ दिवसांचं पिल्लू दिवसाला साधारण 60 ते 70 मिली पाणी पितं, म्हणजे 300 पिल्लांचं झालं 20 लिटरच्या आसपास. त्यातलं थोडं अंगात राहतं वाढीसाठी, बाकी ढोबळ 15 लिटर श्वासातून आणि विष्ठेतून परत शेडमध्येच येतं, त्यातलं निम्मं रात्रीच्या बारा तासात धरलं तरी सात लिटर. त्यात गॅस ब्रूडर. गॅस जळताना पाणी तयार होतं हे कुणाच्या डोक्यातच नसतं, पण एक किलो गॅस जळला की दीड लिटरच्या वर पाणी वाफ होऊन हवेत जातं. रात्री किलोभर गॅस गेला तर एकूण साडेआठ लिटर. आता त्या शेडमध्ये हवा किती? सुमारे 76 घनमीटर. 30 अंश सेल्सिअसच्या हवेत एका घनमीटरला जेमतेम 30 ग्रॅम वाफ मावते, म्हणजे पूर्ण शेडमध्ये फार तर सव्वादोन लिटर. साडेआठ लिटर पाणी आणि जागा सव्वादोन लिटरची. उरलेलं कुठे जाणार, जे विष्ठेतून पडलं ते गादीतच मुरून बसणार कारण हवा ते उचलूच शकत नाही, आणि जे वर गेलं ते गार पत्र्याला लागून थेंब होऊन परत खाली.

त्याला हा हिशोब सांगितला तर तो म्हणाला पटतंय, पण पडदे उघडले तर पिल्लं गारठतील त्याचं काय. प्रश्न बरोबर आहे, आणि त्याचं उत्तर थर्मामीटर कुठे लावलाय त्यात आहे. त्याचा थर्मामीटर खांबावर छातीच्या उंचीला होता आणि 33 अंश दाखवत होता, त्यामुळे तो निर्धास्त. तोच काढून पिल्लांच्या पाठीच्या उंचीला, म्हणजे गादीपासून साधारण 5 सेंटिमीटरवर, भिंतीकडच्या बाजूला ठेवला आणि पंधरा मिनिटं थांबलो तर 26. गरम हवा वर जाते, पत्रा तापवते, आणि ज्याच्यासाठी गॅस जाळतोय ते खाली ओल्या तुसावर बसलंय. ओल्या गोधडीवर झोपलेल्या माणसाला वरून कितीही पांघरूण घाला, हुडहुडी जात नाही. पिल्लाचे पाय आणि पोट, जिथे पिसं कमी, तेच ओल्यावर टेकलेलं, आणि पहिले काही दिवस पिल्लाला स्वतःचं तापमान नीट सांभाळताच येत नाही, हळूहळू दोन आठवड्यांत ते जमायला लागतं. म्हणून ते दुसऱ्या पिल्लाच्या अंगावर चढतं, त्याच्यावर तिसरं, आणि ढीग होतो. बाराव्या दिवसानंतर प्रॉब्लेम “आपोआप” का थांबतो तेही यात आलं, पिल्लांना पिसं फुटतात आणि ती गारवा सहन करतात. पण ओल आणि अमोनिया तिथेच असतो, पुढे सर्दी, डोळे येणं, रक्ती हगवण या रूपात तो वसूल करतो.

आता त्याच रात्री काय करायचं. क्रम महत्त्वाचा आहे, उलटा केलात तर खरंच गारठतील.

पहिलं, उष्णता वाढवा, पडद्याला हात लावायच्या आधी. गॅस ब्रूडर असेल तर आच वाढवा आणि शक्य असेल तर थोडा खाली घ्या. बल्ब असतील तर थंडीत पिल्लामागे साधारण 2 वॅट धरतात, उबदार दिवसात 1 वॅटवर भागतं. आणि हे बल्ब जुन्या तारेवाले किंवा इन्फ्रारेड हवेत, एलईडी नाहीत. एलईडी उजेड देतो, ऊब जवळजवळ देतच नाही. हे लिहायची गरज नाही असं वाटेल पण अजूनही लोक 9 वॅटचे एलईडी लावून “बल्ब चालू होते तरी मेली” म्हणतात.

दुसरं, ओलं तूस काढा. सगळी गादी नाही, ड्रिंकरभोवतीचं आणि जिथे पपडी धरलीये तेवढंच फावड्याने उचलून बाहेर टाका आणि तिथे कोरडं तूस घाला. गादीची ओल ओळखायची सोपी पद्धत, मूठभर तूस घेऊन घट्ट दाबा आणि मूठ उघडा. गोळा तसाच राहिला तर जास्त ओलं आहे. जरा चिकटून हळूहळू सुटलं तर बरोबर. अजिबात चिकटलंच नाही, नुसती धूळ उडाली तर फार कोरडं, त्यानेही नाकाला त्रास होतो पण आजचा आपला विषय तो नाही. हे तीन जागी करा, ड्रिंकरजवळ, ब्रूडरखाली आणि भिंतीच्या कडेला, कारण ब्रूडरखालचं तूस नेहमी छानच असतं आणि तेवढंच बघून लोक गादी चांगली आहे म्हणतात.

तिसरं, आता पडदा, आणि तो वरून उघडायचा. इथेच सगळ्यात जास्त गोंधळ असतो. नव्या शेडमध्ये पडदे बहुधा वर खिळ्याला मारलेले असतात आणि खालून गुंडाळत वर घेतात, दुकानाच्या शटरसारखे. असा पडदा थोडासा उघडला की पहिली फट पिल्लांच्या उंचीलाच पडते आणि गार वारा सरळ त्यांच्या अंगावर. मग माणूस घाबरून परत बंद करतो आणि म्हणतो हवा दिली की पिल्लं मरतात. पडदा खाली भिंतीला पक्का बांधलेला हवा आणि वरून दोरीने खाली सोडता आला पाहिजे, म्हणजे उघडताना फट वर, पत्र्याखाली पडते. तिथून आत येणारी हवा आधी वरच्या गरम हवेत मिसळते, खाली येईपर्यंत तिचा गारवा मोडलेला असतो, आणि कोंडलेली वाफ त्याच वाटेने बाहेर पडते. आज रात्री पडदा उलटा करणं शक्य नसेल तर खालची बाजू विटांनी दाबून बांधा आणि वरचे खिळे काढून तिथे चार बोटांची फट करा, पूर्ण लांबीला. एकाच कोपऱ्यात मोठं भोक करू नका, तिथून झोत येतो. वारा ज्या बाजूने येतोय ती बाजू कमी, पाठीमागची जास्त.

चौथं, थांबा आणि बघा. अर्धा तास तरी. पिल्लांना हलवू नका, दिवा त्यांच्यावर मारू नका, फक्त कशी पसरलीयेत ते बघा. ब्रूडरखाली घट्ट गोळा करून मोठ्याने चिवचिवाट करतायत म्हणजे ऊब कमी. ब्रूडरपासून लांब कडेला जाऊन चोची उघड्या ठेवून धापा टाकतायत म्हणजे जास्त. सगळी एकाच बाजूला सरकलीयेत म्हणजे दुसऱ्या बाजूने झोत येतोय, तिथे गुडघाभर उंचीपर्यंत पुठ्ठा किंवा पोतं लावा. गोल पसरून, काही झोपलेली, काही खातायत, आवाज हलका, म्हणजे बरोबर. थर्मामीटर आणि पिल्लं यांचं जमत नसेल तर पिल्लांचं ऐकायचं. आणि ढीग झालेलाच असेल तर हाताने हळूच मोकळा करा, एकदम दचकवू नका, दचकली की दुसऱ्या कोपऱ्यात अजून मोठा ढीग.

बरेच जण इथे अडतात, म्हणतात बाहेरची हवाच इतकी दमट आहे, पाऊस पडतोय, ती आत घेऊन गादी कशी वाळेल. वाळते. हवा तापली की तिची पाणी धरायची ताकद वाढते, साधारण 11 अंश तापवली की आर्द्रता जवळजवळ निम्म्यावर येते. बाहेर 15 अंशाची पूर्ण ओली, 100 टक्के आर्द्रतेची हवा आत येऊन 30 अंशाला पोचली की ती 40 टक्क्यांच्या आसपास होते, म्हणजे तहानलेली, गादीतली ओल उचलायला तयार. पण अट तीच, ती तापवायला ऊब हवी आणि भरल्यावर बाहेर जायला वाट हवी. बाहेरच 27-28 अंश आणि मुसळधार पाऊस असेल तर हा फायदा फार मिळत नाही, तेव्हा नुसत्या हवेवर विसंबू नका, तूस जास्त वेळा बदलावं लागेल. आणि फट इतकी मोठी नको की पावसाचे शिंतोडे आत येतील.

फट ठेवून तापमान धरवत नसेल तर फट बुजवू नका, तापवायची जागा लहान करा. आपल्याला पिल्लं उबदार ठेवायचीत, शेड नाही. त्या 300 पिल्लांसाठी आम्ही शेडच्या अर्ध्या भागात पोत्यांचा आडपडदा लावला, ब्रूडरवर पत्र्याची छत्री बसवली म्हणजे गरम हवा वर पळायच्या आधी खाली अडते, आणि चिक गार्डचा गोल नीट केला. गार्ड फूट-दीड फूट उंच पुरतं, ब्रूडरच्या कडेपासून अडीच-तीन फुटांवर, आणि गोलच हवं, कारण चौकोनाला कोपरा आला की ढीग तिथेच होतो. त्याने एका बाजूला शेडची भिंतच गार्ड म्हणून वापरली होती आणि कोपरा तसाच सोडला होता, सातही पिल्लं त्याच कोपऱ्याकडे मेली. पिल्लं वाढतील तसा गोल मोठा करत जायचा आणि आठ-दहा दिवसांत काढून टाकायचा, पण काढलात तरी शेडचे कोपरे पुठ्ठ्याने गोल करून ठेवा.

त्या रात्री साडेअकराला हे सगळं करून झालं, पत्र्याखाली दोन्ही बाजूंना चार-चार बोटं फट, पिल्लांच्या उंचीला भिंतीकडे 30 आणि ब्रूडरच्या कडेला 33. आठ दिवसांच्या पिल्लांना 32 च्या आसपास हवं असतं. पहिल्या आठवड्यात 33 ते 35 अंश, म्हणजे 95 फॅरनहाइटच्या जवळ, आणि मग दर आठवड्याला तीन अंश कमी करत 21 पर्यंत यायचं, हा साधा हिशोब लक्षात ठेवा. तो रात्रभर जागा होता, तीनला फोन करून म्हणाला पत्र्याचे थेंब गेले. सकाळी दोन मेलेली होती, ती आदल्या दिवसापासूनच मलूल होती. त्यानंतरच्या सकाळी एकही नाही. गॅस मात्र जास्त लागला, ते खरं आहे आणि ते मान्य करूनच चालायचं, कारण पडदे बंद ठेवून वाचवलेला गॅस पिल्लांच्या अंगातून वजा होतो.

हे झालं ढिगाचं, पण गादी परत ओली होऊ नये म्हणून दोन गोष्टी रोजच्या करा. ड्रिंकरची कड पिल्लाच्या पाठीच्या उंचीला ठेवा. जमिनीवर ठेवलेल्या ड्रिंकरमध्ये पिल्लं पाय घालतात, तूस उडवतात, पाणी सांडतं, आणि जास्त काठोकाठ भरलं की अजून. खाली वीट किंवा जाळीचा तुकडा द्या आणि पिल्लं वाढतील तसं दोन-तीन दिवसांनी उचला. फार लहान असताना मात्र उंच करू नका, पोचलं पाहिजे. दुसरं, तूस रोज खालीवर करा, काटेरी दाताळ्याने किंवा हाताने, पपडी धरायच्या आत. पण हे सकाळी पडदे पूर्ण उघडे असताना करा, रात्री नको, कारण हलवलं की आत अडकलेला अमोनिया एकदम सुटतो. गादी सुरुवातीला निदान दोन-तीन इंच जाडीची हवी, थंडीत तीन-चार, त्याहून पातळ असली तर जमिनीचा गारवा वर येतोच आणि ओल शोषायला जागाच नसते.

चुन्याबद्दल सगळे विचारतात म्हणून. गादीत चुना मिसळायची पद्धत जुनी आहे, कोरडेपणा येतो हे ठीक, पण चुन्यामुळे गादी आम्लारीधर्मी होते आणि ओल्या गादीतला अमोनिया उलट जास्त सुटतो. म्हणून पिल्लं आत असताना, पडदे बंद असताना ओल्या तुसावर चुना भुरभुरू नका, आणि कळीचा चुना तर अजिबात नाही, तो ओलाव्याला लागला की तापतो, पाय आणि डोळे भाजतात. बॅचच्या मधल्या काळात रिकाम्या शेडमध्ये विझवलेला चुना जमिनीवर मारायचा तर मारा.

एक धोका वेगळा सांगतो कारण त्यात माणूसही जातो. लाईट गेली म्हणून काही जण कोळशाची शेगडी आत ठेवतात आणि पडदे लावून झोपतात. कोळशातून कार्बन मोनॉक्साइड निघतो, त्याला वास नाही, डोळ्यात जळजळ नाही. पिल्लं ढीग न करता, शांतपणे, जागच्या जागी मेलेली सापडतात, आणि शेडमध्ये झोपलेला माणूसही. शेगडी वापरायचीच असेल तर बाहेर पेटवून धूर जाऊन निखारे लाल झाल्यावर आत घ्या, वरची फट मोठी ठेवा, आणि आत झोपू नका. निखारे लाल आहेत म्हणजे वायू निघत नाही असं नाही, तो दिसत नाही एवढंच, त्यामुळे फट ही अट शेगडीला सगळ्यात कडक.

पुढच्या बॅचच्या वेळी तूस पसरून ब्रूडर पिल्लं यायच्या 24 तास आधी पेटवा. दोन तास आधी पेटवला की हवा गरम होते आणि तूस व खालची जमीन गारच राहते, थर्मामीटरला ते कळत नाही. पिल्लं सोडल्यावर तासा-दोन तासाने आठ-दहा पिल्लं वेगवेगळ्या जागची उचला आणि त्यांचे पाय तुमच्या गालाला किंवा मानेला लावा. गार लागले तर गादी गार आहे, ऊब वाढवा. त्याच दिवशी रात्री, पिल्लं येऊन आठ-दहा तास झाले की, परत तेवढीच पिल्लं उचलून गळ्याखालची पिशवी बोटाने चाचपा, बहुतेकांची भरलेली आणि मऊ लागली पाहिजे. कडक लागली तर खाद्य आहे पण पाणी प्यायलेली नाहीत, रिकामी असेल तर खाद्यापर्यंत पोचलीच नाहीत, आणि गारठलेलं पिल्लू नेमकं हेच करतं, ब्रूडरखाली बसून राहतं आणि खायला उठतच नाही. पत्र्याखालची ती फट पहिल्या रात्रीपासूनच ठेवा, तेव्हा दोन बोटं पुरते, चौथ्या-पाचव्या दिवसापासून वाढवत न्या.